पेट स्कॅनमधले चमकणारे ठिपके कसे वाचावेत

पेट-सीटीचा रिपोर्ट हातात पडला की नजर आधी दोन गोष्टींवर जाते. एक, चित्रात चमकणारे ठिपके आणि दुसरी, 'एसयूव्ही मॅक्स' या शब्दांपुढे छापलेला आकडा. ठिपका म्हणजे कॅन्सर आणि आकडा मोठा म्हणजे कॅन्सर जोरात, असं गणित मनात लगेच जुळतं. मग डॉक्टरांची भेट होईपर्यंत घरात कुणाला झोप लागत नाही. पण हे गणितच चुकीचं आहे. ठिपका एवढंच सांगतो की या जागेने साखर जास्त ओढून घेतली. ती कशासाठी ओढली, हे शोधायला आणखी काही पायऱ्या चढाव्या लागतात.

न्यूक्लिअर मेडिसिनचे डॉक्टर ठिपके ज्या क्रमाने तपासतात, साधारण तोच क्रम इथे दिला आहे. रिपोर्ट वाचून निदान स्वतःच करावं, असा याचा हेतू नाही. डॉक्टरांसमोर बसताना नेमकं काय विचारायचं ते ठाऊक असावं, एवढ्यासाठी हे लिहिलं आहे. इथली सगळी चर्चा एफडीजी या औषधाने केलेल्या पेट स्कॅनबद्दल आहे, कारण सर्वांत जास्त स्कॅन त्याच्यावरच होतात. प्रोस्टेटसाठी पीएसएमए किंवा न्यूरोएंडोक्राइन गाठींसाठी डोटाटेट वापरलं असेल, तर चमकण्याची कारणं वेगळी असतात. म्हणून रिपोर्टच्या वरच्या भागात कोणतं औषध टोचलं होतं ते आधी बघून घ्या.

चमक येते कुठून

एफडीजी म्हणजे ग्लुकोजचंच थोडं बदललेलं रूप. त्याच्या रेणूला फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडलेला असतो. माणसाच्या शरीरात ते पहिल्यांदा १९७६ साली अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात टोचलं गेलं आणि तेव्हा पाहायचा होता तो मेंदू. पेशीला एफडीजी आणि खरी साखर यांतला फरक दारात कळत नाही. ग्लुकोज आत घेणारी वाहक प्रथिनं त्यालाही आत घेतात. आत गेल्यावर हेक्झोकायनेज नावाचं एन्झाइम त्याला फॉस्फेट जोडतं. खऱ्या साखरेचं यापुढे विघटन होत जातं, एफडीजीचं मात्र होत नाही. ते तिथेच अडकून पडतं. जी पेशी जास्त साखर ओढते, तिच्यात जास्त एफडीजी साठतं.

फ्लोरिन-१८ मधून पॉझिट्रॉन बाहेर पडतो, जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटतो आणि दोन्ही नाहीसे होऊन विरुद्ध दिशांना दोन किरण सुटतात. यंत्राचं कडं हे दोन्ही किरण एकाच क्षणी पकडतं आणि त्यावरून जागा ठरवतं. अशा लाखो जोड्यांवरून चित्र तयार होतं. फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटं असतं, त्यामुळे टोचल्यावर ठरलेल्या वेळेतच स्कॅन घ्यावा लागतो.

कॅन्सरच्या पुष्कळ पेशी ग्लुकोज अधाशीपणे वापरतात, हे ऑटो वॉरबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात दाखवून दिलं. कॅन्सरसाठी एफडीजी वापरतात ते याच कारणाने. पण अशी अधाशी पेशी फक्त कॅन्सरचीच असते असं नाही. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, जखम साफ करणाऱ्या मॅक्रोफेज पेशी, थंडीत ऊब तयार करणारी चरबी आणि काम करणारा स्नायू यांनाही साखर तितकीच लागते. विजेचा मीटर घरात किती वीज जळते ते सांगतो. ती गिरणीने जाळली की लग्नाच्या रोषणाईने, हे मीटर पाहून कळत नाही. पेटच्या ठिपक्याचंही असंच आहे.

एक उदाहरण सोबत घेऊ

पुढच्या पायऱ्या हवेत राहू नयेत म्हणून एक रुग्ण डोळ्यांसमोर ठेवू. रुग्ण रचलेली आहे, पण तिच्या रिपोर्टमधल्या गोष्टी या क्षेत्रात नेहमी दिसणाऱ्या आहेत. वय ५४, वजन ६० किलो. तीन वर्षांपूर्वी उजव्या स्तनाच्या कॅन्सरसाठी शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन झालं होतं. आता दोन महिने खोकला आहे. साध्या सीटीत छातीतल्या लिम्फ नोड, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशींच्या छोट्या ग्रंथी, मोठ्या दिसल्या, म्हणून पेट-सीटी सांगितला. रिपोर्टमध्ये पाच नोंदी आल्या:

- मानेच्या दोन्ही बाजूंना आणि पाठीच्या कण्याच्या कडेने चमक, एसयूव्ही मॅक्स ६.०
- डाव्या काखेत तीन लिम्फ नोड, ४.१
- छातीच्या मध्यभागी आणि दोन्ही फुफ्फुसांच्या मुळाशी लिम्फ नोड, ९.२
- मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात एकच ठळक ठिपका, ७.५
- डाव्या फुफ्फुसात ६ मिलिमीटरची गाठ, विशेष चमक नाही

खाली निष्कर्षात लिहिलं होतं, 'मेटास्टॅसिस नाकारता येत नाही.' हे वाक्य रिपोर्टमध्ये खूपदा येतं. त्याचा अर्थ एवढाच की कॅन्सर दुसरीकडे पसरलेला असणं ही एक शक्यता आहे आणि ती तपासायला हवी. घरचे मात्र त्याचा अर्थ 'कॅन्सर पसरला' असा घेतात. रिपोर्ट लिहिणाऱ्याने त्याच ओळीत दुसऱ्या शक्यताही लिहाव्यात, असं मला फार वाटतं. कारण हे वाक्य एकटं वाचणाऱ्या माणसाला त्या कुठेच सापडत नाहीत.

पायरी १: स्कॅनच्या दिवशीची स्थिती पाहा

रिपोर्टच्या सुरुवातीला काही कोरड्या ओळी असतात: उपाशीपोटी किती तास, टोचताना रक्तातली साखर किती, औषध टोचल्यापासून किती मिनिटांनी स्कॅन. लोक या ओळी सोडून देतात, पण पुढच्या आकड्यांचा अर्थ यांच्यावरच ठरतो.

स्कॅनच्या आधी साधारण चार ते सहा तास उपाशी राहायला सांगतात. साखर २०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर बरीच केंद्रं स्कॅन पुढे ढकलतात. रक्तात खरी साखर जास्त असली की ती एफडीजीशी स्पर्धा करते आणि गाठीत एफडीजी कमी शिरतं. तेव्हा खरी गाठही फिकी दिसू शकते. उलट, नुकतंच इन्सुलिन घेतलं असेल किंवा स्कॅनच्या आधी खाल्लं असेल, तर एफडीजी स्नायूंत आणि हृदयात ओढलं जातं आणि अंगभर चमक दिसते. आदल्या दिवशी जोराचा व्यायाम केला असेल तर नेमके ते ते स्नायू उजळतात. टोचल्यावर तासभर शांत पडून राहायला सांगतात ते यासाठीच. त्या तासात कुणी फोनवर बोलत बसलं, तर स्वरयंत्राचे स्नायूसुद्धा चमकतात.

आपल्या रुग्णाची साखर १०४ होती आणि स्कॅन ६० मिनिटांनी झाला होता. म्हणजे तयारी ठीक होती. पण औषध टोचून ती ज्या खोलीत पडून होती, तिथे एसी जोरात होता आणि ती कुडकुडत होती. रिपोर्टमध्ये अशी नोंद सहसा नसते. ती डॉक्टरांना आपणच सांगायची असते.

पायरी २: नेहमी चमकणाऱ्या जागा बाजूला काढा

मेंदू जवळजवळ पूर्णपणे ग्लुकोजवर चालतो, म्हणून तो नेहमीच झगझगीत दिसतो. एफडीजी मूत्रपिंडातून लघवीत उतरतं, म्हणून मूत्रपिंडं, मूत्रवाहिन्या आणि मूत्राशय उजळतात. हृदयाचं काही सांगता येत नाही. कुणाचं पूर्ण उजळतं, कुणाचं काळोखात असतं आणि कुणाचा फक्त एखादाच भाग दिसतो. यकृत आणि प्लीहा मंद, पण एकसारखे चमकतात. टॉन्सिल, लाळग्रंथी, आतडी आणि पाळी चालू असलेल्या स्त्रियांमध्ये गर्भाशयाचं अस्तर व अंडाशय यांतही थोडीफार चमक असते. केमोथेरपीच्या काळात पांढऱ्या पेशी वाढवण्याची इंजेक्शनं दिली असतील, तर सगळ्या हाडांचा मगज एकसारखा उजळतो. ते पाहून 'कॅन्सर हाडांत पसरला' असं वाटून धसका घेणारे नातेवाईक खूप असतात.

आता रुग्णाची पहिली नोंद घ्या. मान आणि कण्याच्या कडेची चमक दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखी होती. पेटवरचा तोच बिंदू सीटीवर पाहिला, तर तिथे गाठ किंवा लिम्फ नोड नव्हती, होती ती फक्त चरबी. ही तपकिरी चरबी. थंडी वाजली की ती साखर जाळून शरीराला ऊब देते. एसयूव्ही ६ असूनही या नोंदीचा कॅन्सरशी संबंध नव्हता. स्कॅन पुन्हा करावा लागला असता, तर आधी तासभर रुग्णाला उबदार ठेवलं की ही चमक बहुधा दिसली नसती.

पेट आणि सीटी एकाच यंत्रात का घेतात, तेही इथे कळतं. पेट साखर कुठे गेली ते दाखवतो आणि तिथे प्रत्यक्ष काय आहे ते सीटी दाखवतो. सीटीवर काय आहे हे न पाहता नुसत्या ठिपक्यावर मत द्यायचंच नसतं.

पायरी ३: ठिपका खरा आहे ना, याची खात्री करा

किरण शरीरातून बाहेर येताना काही प्रमाणात शोषले जातात. तो तोटा भरून काढण्यासाठी यंत्र सीटीचा आधार घेतं आणि चित्र दुरुस्त करतं. कृत्रिम सांधा, दातातला धातू किंवा पेसमेकर असेल, तर त्या जागी ही दुरुस्ती जास्तच होते आणि नसलेली चमक दिसते. म्हणून डॉक्टर दुरुस्तीशिवायचं चित्रही उघडून बघतात. ठिपका त्यात नाहीसा झाला, तर तो यंत्राने तयार केलेला असण्याची शक्यता खूप वाढते.

श्वासानेही गोंधळ होतो. सीटी काही सेकंदांत होते, पेटला मिनिटं लागतात आणि तोवर छातीचा पडदा वरखाली होत राहतो. त्यामुळे यकृताच्या वरच्या टोकाचा ठिपका फुफ्फुसाच्या तळाशी दिसू शकतो. टोचताना थोडं औषध शिरेबाहेर सांडलं, तर हातावर भडक ठिपका उमटतो आणि कधी त्याच बाजूच्या काखेतली एखादी नोडही उजळते.

पायरी ४: आकड्याचा अर्थ समजून घ्या

एसयूव्हीचं गणित साधं आहे. आपल्या रुग्णाच्या शरीरात स्कॅनच्या वेळी ३०० मेगाबेक्वेरल, म्हणजे ३ लाख किलोबेक्वेरल, इतक्या किरणोत्साराचं औषध होतं असं धरा. ते ६० किलो शरीरात अगदी समान पसरलं असतं, तर प्रत्येक ग्रॅमच्या वाट्याला ५ किलोबेक्वेरल आलं असतं. या सरासरीला एसयूव्ही १ म्हणतात. छातीतल्या नोडमध्ये सर्वांत उजळ बिंदूवर यंत्राने ४६ किलोबेक्वेरल मोजलं. ४६ ला ५ ने भागलं की ९.२ येतं. म्हणजे तो बिंदू सरासरीपेक्षा नऊपट साखर धरून आहे. हा आकडा याहून जास्त काही सांगत नाही.

एसयूव्ही २.५ च्या वर गेला की कॅन्सर, असं पुष्कळदा ऐकायला मिळतं. मग ही २.५ ची सीमा कुठून आली? फुफ्फुसातल्या गाठींच्या सुरुवातीच्या अभ्यासांत ती वापरात आली आणि पुढे तोंडोतोंडी सगळीकडे पसरली. क्षयाच्या नोडमध्ये एसयूव्ही १० च्याही वर जाऊ शकतो. आणि हळू वाढणारे काही कॅन्सर, श्लेष्मल द्रवाने भरलेल्या काही गाठी किंवा प्रोस्टेटचे बरेच कॅन्सर २.५ च्या खालीच राहतात. एकाच आकड्याच्या दोन्ही बाजूंना दोन्ही प्रकार सापडत असतील, तर तो आकडा निवाडा करू शकत नाही.

शिवाय हा आकडा स्थिरही नसतो. रुग्ण स्थूल असेल तर तो वाढून दिसतो, साखर जास्त असेल तर गाठीत घटतो आणि ६० ऐवजी ९० मिनिटांनी स्कॅन घेतला तर पुष्कळदा चढतो. दोन केंद्रांची यंत्रं आणि चित्र बनवण्याच्या पद्धती वेगळ्या असल्या तरी तो बदलतो. म्हणून एका केंद्राचा ५.८ आणि दुसऱ्या केंद्राचा ६.५ पाहून 'आजार वाढला' म्हणायचं नसतं. उपचारांचा परिणाम मोजण्याच्या एका प्रचलित पद्धतीत तर दोन स्कॅनमध्ये निदान ३० टक्के घट दिसली, तरच ती खरी घट धरतात.

आकड्यापेक्षा तुलना जास्त उपयोगी पडते. लिम्फोमा या लिम्फ नोडच्या कॅन्सरमध्ये उपचारांनंतर डोविल नावाचं पाच पायऱ्यांचं मोजमाप वापरतात. त्यात उरलेल्या ठिपक्याची तुलना त्याच रुग्णाच्या छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांशी आणि यकृताशी करतात. १ ते ३ गुण आले तर सहसा समाधानकारक समजतात, ४ किंवा ५ आले तर पुढे शोध घेतात. रुग्णाचंच यकृत मापदंड असल्यामुळे वजनासारखे घटक आपोआप बऱ्याच अंशी कटतात.

पडद्यावरच्या रंगांबद्दलही सांगायला हवं. ठिपका किती भडक दिसेल हे चित्राची पट्टी कुठवर ताणली आहे त्यावर ठरतं. पट्टी ० ते ५ ठेवली तर एसयूव्ही ५ चा ठिपका पूर्ण भडक दिसतो, ० ते १५ ठेवली तर तोच मंद वाटतो. पुष्कळ चित्रांत तर पांढऱ्या पार्श्वभूमीवर जास्त साखरेची जागा काळी दाखवतात. म्हणून रिपोर्टसोबत मिळालेल्या छापील चित्रातली चमक पाहून घरच्यांनी काहीच ठरवू नये.

पायरी ५: गेल्या काही महिन्यांत शरीराचं काय काय झालं ते आठवा

ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण हिच्यात रुग्णाइतकी माहिती दुसऱ्या कुणाकडे नसते. जिथे दाह आहे तिथे पांढऱ्या पेशी जमतात आणि त्या भरपूर साखर जाळतात. न्यूमोनिया, गळू, क्षय, बुरशीचा संसर्ग, सांध्यांची सूज, हाडाचं मोडणं आणि जुळणं, शस्त्रक्रियेची भरत असलेली जखम, हे सगळं पेटवर चमकतं. दातांचा जुनाट संसर्ग जबड्यात ठिपका देतो. रेडिएशननंतर त्या भागात काही महिने दाह टिकतो. म्हणून उपचार संपल्यावर लगेच स्कॅन करत नाहीत. रेडिएशननंतर साधारण तीन महिने थांबतात. लिम्फोमात केमोथेरपी संपल्यावर सहा ते आठ आठवडे थांबणं बरं मानतात आणि निदान तीन आठवडे तरी जाऊ देतात. घाईने केलेला स्कॅन उत्तर देण्याऐवजी नवे प्रश्न उभे करतो.

आपल्या रुग्णाच्या दुसऱ्या नोंदीचं उत्तर इथेच मिळालं. डाव्या काखेत तीन नोड उजळ होत्या. विचारल्यावर तिने सांगितलं की दहा दिवसांपूर्वी डाव्या दंडावर कोविडची लस घेतली होती. लसीनंतर त्या बाजूच्या काखेतल्या नोड कामाला लागतात आणि काही आठवडे चमकू शकतात. २०२१ मध्ये जगभर लसीकरण सुरू झालं तेव्हा हे इतकं दिसू लागलं, की स्कॅनपूर्वी लसीची तारीख आणि कोणत्या हातावर घेतली ते विचारणं केंद्रांनी नेमाचं केलं. तिचा जुना कॅन्सर उजव्या बाजूचा होता, चमक डाव्या काखेत होती आणि सीटीवर या नोडचा आकार नेहमीसारखा होता, आत चरबीचा गाभाही शाबूत होता. म्हणून तिथे सुई न टोचता सहा ते आठ आठवड्यांनी सोनोग्राफी करायचं ठरलं.

स्कॅनला जाताना एका कागदावर हे लिहून न्या: लसी आणि त्यांच्या तारखा, गेल्या तीन महिन्यांतला ताप किंवा संसर्ग, पडणं किंवा मार लागणं, दातांचं काम, शस्त्रक्रिया, रेडिएशनची शेवटची तारीख आणि चालू असलेली औषधं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर ते नक्की लिहा, त्याने आतडी लांबच लांब उजळतात. मात्र कोणतंही औषध स्वतःहून बंद करू नका. काय थांबवायचं आणि किती दिवस, ते केंद्राला आणि तुमच्या डॉक्टरांना ठरवू द्या.

पायरी ६: उरलेल्या ठिपक्यांचा नकाशा पाहा आणि गरज तिथे पेशी तपासा

आता तीन नोंदी उरल्या.

छातीतल्या नोडचा आकडा सर्वांत मोठा होता, ९.२, आणि भीतीही त्याचीच होती. पण त्यांची मांडणी बघा. दोन्ही फुफ्फुसांच्या मुळाशी, उजवीकडे आणि डावीकडे, जवळजवळ आरशात पाहावं तशी सारखी. स्तनाचा कॅन्सर पसरतो तेव्हा बहुधा आधी त्याच बाजूच्या काखेत किंवा छातीच्या हाडामागच्या नोडमध्ये जातो, आणि त्या जागा इथे शांत होत्या. दोन्ही बाजूंची अशी समान मांडणी सारकॉइडोसिस या दाहाच्या आजारात, जो कॅन्सर नाही, किंवा तशाच प्रतिक्रियेत वारंवार दिसते. कॅन्सर होऊन गेलेल्यांतही ती दिसते. क्षयाचा विचार तर करावाच लागतो.

मांडणीने शक्यता कमीजास्त होते, निदान होत नाही. कॅन्सरचा इतिहास असताना 'हे सारकॉइड वाटतं' एवढ्यावर थांबणं धोक्याचं, आणि 'कॅन्सर वाटतो' म्हणून तपासल्याशिवाय केमो सुरू करणं त्याहून धोक्याचं. म्हणून ईबस नावाची तपासणी केली. श्वासनलिकेत दुर्बीण घालून, तिच्या टोकाच्या सोनोग्राफीने नोड पाहत, सुईने त्यातल्या पेशी काढल्या. नमुना दोन ठिकाणी पाठवला: पेशींच्या तपासणीला आणि क्षयाच्या तपासणीला. नमुन्यातून क्षयाचे जंतू वाढतात का, हे पाहण्याच्या कल्चरला सहा ते आठ आठवडे लागू शकतात, आणि नमुना एकदाच मिळतो. म्हणून सुई टोचण्याआधीच 'नमुना क्षयासाठीही पाठवणार ना' हे विचारून घ्यावं.

उत्तर आलं ते ग्रॅन्युलोमाचं, म्हणजे दाहाच्या पेशींचे पुंजके. कॅन्सरच्या पेशी नव्हत्या आणि क्षयाच्या तपासण्याही निगेटिव्ह आल्या. इथे एक गोष्ट बारकाईने पाहायची असते. 'कॅन्सर दिसला नाही' याचं वजन नमुना पुरेसा असेल तरच असतं. रिपोर्टमध्ये नोडच्या लिम्फोसाइट पेशी किंवा ग्रॅन्युलोमा मिळाल्याचं लिहिलेलं असावं. नुसतं रक्त मिळालं असेल, तर ती तपासणी झालीच नाही असं समजून पुन्हा करावी लागते.

चौथी नोंद आतड्याची. मेटफॉर्मिनची चमक लांब पट्ट्यासारखी असते, इथे मात्र एकाच जागी गोल ठिपका होता. असा एकटा ठिपका सोडून द्यायचा नसतो. कोलोनोस्कोपीत त्या जागी दीड सेंटिमीटरचा पॉलिप निघाला आणि तो त्याच वेळी काढला. तपासणीत तो अॅडिनोमा ठरला. आज कॅन्सर नाही, पण तसाच ठेवला असता तर पुढे होऊ शकला असता. म्हणजे ७.५ च्या या ठिपक्याने कॅन्सर दाखवला नाही, पण त्याची दखल घेतली ते योग्यच झालं. थायरॉइडमध्येही असंच असतं. पूर्ण ग्रंथी सारखी उजळली तर बहुधा ग्रंथीचा दाह असतो. एकाच जागी ठिपका असेल तर सोनोग्राफी करतात आणि बऱ्याचदा सुईची तपासणीही, कारण अशा ठिपक्यांतले साधारण तीनातले एक कॅन्सर निघतात.

पाचव्या नोंदीत ठिपकाच नव्हता: ६ मिलिमीटरची गाठ, विशेष चमक नाही. घरच्यांना सर्वांत हायसं वाटलं ते याच ओळीने, पण सर्वांत अपुरी ओळ हीच होती. ८ ते १० मिलिमीटरपेक्षा लहान गाठीतली साखर पेटला नीट मोजता येत नाही. तिची चमक आजूबाजूला पसरून फिकी पडते आणि श्वासाबरोबर गाठ हलत राहते, त्यामुळे ती आणखी पुसट होते. इतक्या लहान गाठीबद्दल पेट गप्प आहे, याचा अर्थ ती निर्दोष आहे असा होत नाही. तिच्यासाठी तीन महिन्यांनी छातीचा सीटी ठरला, पेट नाही. त्या सीटीत गाठ तेवढीच राहिली तर पुढची तपासणी लांबवायची, वाढली तर तिचा नमुना घ्यायचा.

भेटीत विचारायचे प्रश्न

रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेलात की प्रत्येक ठिपक्याबद्दल एकेक करून विचारा. या जागी सीटीवर काय दिसतं? ही चमक यकृतापेक्षा जास्त आहे का? कॅन्सर सोडून आणखी कशाने असं दिसू शकतं, आणि माझ्या इतिहासात त्यातलं काही आहे का? उत्तर नक्की करायला नमुना घ्यावा लागेल की थांबून पुन्हा पाहता येईल? थांबायचं असेल तर किती आठवडे, आणि तेव्हा कोणती तपासणी?

थांबायचं ठरलं, तर त्या मधल्या काळात काय झालं की लगेच कळवायचं तेही विचारून ठेवा: ताप, वजन घटणं, नवी गाठ, थुंकीतून रक्त. पुढचा पेट शक्यतो त्याच केंद्रात, त्याच यंत्रावर करून घ्या. तसं जमत नसेल तर पहिल्या स्कॅनची सीडी सोबत न्या. नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही. जुनी आणि नवी चित्रं शेजारी ठेवून दोन्हींत त्याच जागेची चमक यकृताच्या तुलनेत कशी बदलली, हे नव्या डॉक्टरांना त्या सीडीवरूनच पाहता येतं.